कार्बोनेट आयनातले तिन्ही बंध सारखे कसे? कागदापासून स्फटिकापर्यंत

कार्बोनेट आयन नियमाप्रमाणे कागदावर काढला की एक बंध दुहेरी येतो आणि दोन एकेरी. दुहेरी बंध एकेरीपेक्षा आखूड असतो, हे आपण आधीच शिकलेलो असतो. म्हणजे एक ऑक्सिजन कार्बनच्या जवळ आणि दोन जरा लांब असायला हवेत. प्रत्यक्ष मोजलं तर तिन्ही अंतरं सारखी निघतात, सुमारे १२८ ते १२९ पिकोमीटर.

याचं उत्तर बहुतेक ठिकाणी एका शब्दात मिळतं: संस्पंदन, म्हणजेच रेझोनन्स. हा शब्द पाठ करून परीक्षेत गुण मिळतात, पण त्यानं नेमकं काय समजलं हे सांगता येत नाही. उलट ‘संस्पंदन’ ऐकून काहीतरी सतत हलतंय, दुहेरी बंध एका ऑक्सिजनवरून दुसऱ्यावर उड्या मारतोय, असं चित्र मनात बसतं आणि ते पुढे फार त्रास देतं. म्हणून इथे कागद-पेन्सिल घेऊन सुरुवातीपासून जाऊ आणि शेवटी स्फटिकातल्या मोजमापांवर आपलं उत्तर तपासून बघू.

## पहिली पायरी: इलेक्ट्रॉन मोजा, मगच रेघ ओढा

आयनाचं सूत्र `CO₃²⁻`. कार्बनचे संयुजा इलेक्ट्रॉन ४, प्रत्येक ऑक्सिजनचे ६ म्हणजे तिघांचे १८, आणि दोन ऋण प्रभारांचे २. एकूण २४. हा आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, कारण पुढचं प्रत्येक चित्र त्याच्याशी ताडून बघायचं आहे. इथली नेहमीची चूक म्हणजे प्रभाराचे दोन इलेक्ट्रॉन विसरणं. तसं झालं तर २२ उरतात आणि एका ऑक्सिजनचं अष्टक काही केल्या पुरं होत नाही.

मध्ये कार्बन ठेवा आणि भोवती तीन ऑक्सिजन. त्यांना अ, ब, क अशी नावं द्या. ही नावं देणं गरजेचं आहे, त्याचं कारण थोड्याच वेळात कळेल. प्रत्येक ऑक्सिजनला एका रेघेनं कार्बनशी जोडा. ६ इलेक्ट्रॉन खर्च झाले, १८ उरले. ते एकाकी जोड्या म्हणून ऑक्सिजनवर वाटा, प्रत्येकावर तीन जोड्या. आता २४ पूर्ण झाले, तिन्ही ऑक्सिजनांची अष्टकं पूर्ण झाली, पण कार्बनपाशी फक्त ६ इलेक्ट्रॉन आहेत.

ही उणीव भरण्यासाठी एखाद्या ऑक्सिजननं आपली एक एकाकी जोडी बंधात द्यायची. समजा, अ नं दिली. अ आणि कार्बन यांच्यात दुहेरी बंध झाला, कार्बनचं अष्टक पूर्ण झालं. आता औपचारिक प्रभार काढा: अणूचे मूळ संयुजा इलेक्ट्रॉन, वजा एकाकी इलेक्ट्रॉन, वजा बंधांची संख्या. अ साठी ६ − ४ − २ = ०. ब साठी ६ − ६ − १ = −१, क साठीही तेच. कार्बनसाठी ४ − ० − ४ = ०. बेरीज −२, आयनाच्या प्रभाराइतकीच. म्हणजे चित्र बिनचूक आहे.

आणि तरीही ते खोटं आहे. कुठल्याही नियमात बसणारं, पण मोजमापाशी न जुळणारं.

## दुसरी पायरी: ‘अ नंच का दिली?’ हा प्रश्न विचारा

वरच्या कृतीत एक जागा अशी होती जिथे आपण कोणत्याही कारणाशिवाय निवड केली: जोडी अ नं दिली. ब किंवा क नं दिली असती तरी हिशोब तसाच जुळला असता. तिन्ही ऑक्सिजन एकाच मूलद्रव्याचे, तिघांचे शेजारी सारखे. निसर्गाकडे अ ला वेगळं काढण्याचं काहीच कारण नाही. ती निवड आपल्या पेन्सिलीनं केली. कारण आपल्या चित्रपद्धतीत इलेक्ट्रॉनांची जोडी एका अणूवर तरी दाखवावी लागते, नाही तर दोन अणूंच्या मधे. तीन जागांवर पसरलेली जोडी दाखवायला तिच्यात चिन्हच नाही.

म्हणून आपण तिन्ही चित्रं काढतो: पहिल्यात अ शी दुहेरी बंध, दुसऱ्यात ब शी, तिसऱ्यात क शी. अक्षरं नसतील तर ही तीन चित्रं म्हणजे एकच चित्र फिरवून काढलेलं आहे असं वाटतं. अक्षरं असली की फरक दिसतो.

एका चित्रातून दुसऱ्यात जाण्यासाठी दोन वक्र बाण लागतात. पहिला बाण ब वरच्या एकाकी जोडीपासून निघून ब आणि कार्बन यांच्यामध्ये येतो. दुसरा अ आणि कार्बन यांच्यातल्या दुहेरी बंधापासून निघून अ वर जातो. दोन्ही बाण एकत्रच काढायचे. फक्त पहिला काढून थांबलात तर कार्बनभोवती पाच बंध, म्हणजे १० इलेक्ट्रॉन होतात, आणि कार्बनला ते शक्य नाही. विद्यार्थ्यांच्या वह्यांत ही चूक मी सर्वांत जास्त पाहिली आहे. उत्तर चुकलं की आधी कार्बनच्या रेघा मोजा, बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते.

एक चौथं चित्रही नियमात बसतं: तिन्ही बंध एकेरी, तिन्ही ऑक्सिजनांवर −१ आणि कार्बनवर +१. सुरुवातीला कार्बनपाशी ६ इलेक्ट्रॉन होते तेच हे. यात कार्बनचं अष्टक अपुरं आहे, म्हणून पहिल्या तिघांइतकं वजन त्याला देत नाहीत. पण ते पूर्ण फेकूनही देऊ नये, कारण ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो ही खरी गोष्ट त्यात दिसते.

## तिसरी पायरी: दुतोंडी बाणाचा अर्थ नीट लावा

तिन्ही चित्रांच्या मधे `↔` असा एकच, दोन टोकांचा बाण काढतात. समतोलाचा `⇌` हा दुहेरी बाण इथे चालत नाही, आणि हा केवळ चिन्हाच्या शिस्तीचा प्रश्न नाही. `⇌` म्हणजे दोन खरे, वेगवेगळे पदार्थ एकमेकांत बदलतात. `↔` म्हणजे पदार्थ एकच आहे आणि त्याचं वर्णन पुरं करायला आपल्याला एकापेक्षा जास्त चित्रं लागली.

इथे एक अट पाळावीच लागते: सगळ्या चित्रांत अणुकेंद्रकं त्याच जागी हवीत, बदल फक्त इलेक्ट्रॉनांच्या मांडणीत. एखादा अणू जागचा हलला तर ते संस्पंदन उरलं नाही.

आता कोणी विचारेल, आणि विचारायलाच हवं: आयन खरोखर तीन रूपांत झपाट्यानं बदलत नसेल कशावरून? सरासरी तर तशीही सारखीच येईल. हे चित्र कुठे मोडतं ते ऊर्जेच्या भाषेत नीट दिसतं. आयन तीन रूपांत उड्या मारत असता तर ऊर्जेच्या नकाशावर तीन दऱ्या असत्या, प्रत्येक दरीत एक बंध आखूड आणि दोन लांब, आणि दऱ्यांच्या मधे चढ. सगळ्या बंधांची लांबी सारखी असलेली जागा या चढावर आली असती. कार्बोनेटमध्ये उलट आहे. तिन्ही मांडण्या एकमेकींत इतक्या मिसळतात की सारख्या लांबीची जागाच दरीचा तळ ठरते. दरी एकच, मधोमध. एक बंध आखूड करून आयन तिथून बाजूला ओढला तर ऊर्जा वाढते आणि तो परत मध्यावर येतो.

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीला लायनस पॉलिंग यांनी या कल्पनेला पुंजयामिकीचा पाया दिला, तो हाच: खरी अवस्था तिन्ही चित्रांचं मिश्रण असते आणि तिची ऊर्जा कुठल्याही एका चित्राच्या ऊर्जेपेक्षा कमी असते. काही तरी आलटून पालटून घडतं, असं त्यात कुठेच नाही.

## चौथी पायरी: ती जोडी नेमकी कुठे असते ते पाहा

चित्रं बाजूला ठेवून कक्षकांकडे वळलं तर तीन चित्रांची गरजच पडत नाही. कार्बनचे तीन `sp²` कक्षक एका प्रतलात, एकमेकांशी १२० अंशांचा कोन करून असतात. ते तीन ऑक्सिजनांशी तीन सिग्मा बंध करतात. इथे ६ इलेक्ट्रॉन गेले. प्रत्येक ऑक्सिजनवर याच प्रतलात दोन एकाकी जोड्या राहतात. हे १२. उरले ६.

हे सहा इलेक्ट्रॉन प्रतलाच्या वर आणि खाली पसरलेल्या `p` कक्षकांत जातात. असे चार कक्षक आहेत, एक कार्बनचा आणि तीन ऑक्सिजनांचे, आणि ते एकमेकांना बाजूनं भिडतात. चारांच्या मिश्रणातून चार नवे कक्षक तयार होतात. त्यांतला सर्वांत खालचा चारही अणूंवर पसरलेला असतो आणि तिन्ही बंधांत त्याचा वाटा सारखा असतो. त्यात दोन इलेक्ट्रॉन बसतात. त्यावरचे दोन कक्षक फक्त ऑक्सिजनांवर असतात, कार्बनवर त्यांचा अंशही नसतो, म्हणून ते बंधाला ना मदत करतात ना विरोध. त्यांत उरलेले चार इलेक्ट्रॉन. चौथा कक्षक बंध तोडणारा, तो रिकामाच राहतो.

म्हणजे ज्याला आपण ‘दुहेरी बंधाची दुसरी रेघ’ म्हणत होतो ती जोडी एकच आहे आणि ती तिन्ही बंधांवर पसरली आहे. प्रत्येक बंधाला एक पूर्ण सिग्मा बंध आणि पाय बंधाचा तिसरा हिस्सा मिळतो. बंधकोटी १ + ⅓, म्हणजे सुमारे १.३३. तीन चित्रांची सरासरी काढली तरी हेच येतं: एका बंधाला तीन चित्रांत २, १, १ रेघा, बेरीज ४, भागिले ३. प्रभारही तसाच वाटला जातो, प्रत्येक ऑक्सिजनवर सरासरी −⅔. हा मात्र हिशोबाचा प्रभार आहे. ऑक्सिजनची ओढ धरली तर प्रत्यक्षात कार्बन बराच धन असतो आणि प्रत्येक ऑक्सिजन −⅔ पेक्षा जास्त ऋण.

## पाचवी पायरी: १२९ हा आकडा कुठून येतो

पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं की कार्बोनेटमधली लांबी एकेरी आणि दुहेरी बंधांच्या ‘मधली’ आहे. ते बरोबर आहे, पण प्रत्यक्ष सरासरी काढून बघा. मिथेनॉलमधला कार्बन-ऑक्सिजन एकेरी बंध सुमारे १४३ पिकोमीटर, फॉर्माल्डिहाइडमधला दुहेरी सुमारे १२१. दोन एकेरी आणि एक दुहेरी: (१४३ + १४३ + १२१) ÷ ३ = १३६ च्या जवळ. मोजलेली लांबी १२८ ते १२९. सात पिकोमीटरचा फरक आहे, आणि बंधांच्या लांबीत एवढा फरक क्षुल्लक मानता येत नाही.

चूक संस्पंदनात नाही, आपण निवडलेल्या मोजपट्टीत आहे. मिथेनॉलमधला कार्बन `sp³` प्रकारचा आहे. कार्बोनेटमधला कार्बन `sp²` आहे आणि त्याचे बंधातले इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या अधिक जवळ असतात, त्यामुळे त्याचे एकेरी बंधही आखूड असतात. तुलना करायची तर अशा रेणूशी करावी ज्यात एकाच `sp²` कार्बनवर एकेरी आणि दुहेरी दोन्ही बंध आहेत. फॉर्मिक आम्लाचा वायुरूप रेणू त्यासाठी चांगला आहे: दुहेरी बंध सुमारे १२० पिकोमीटर, एकेरी सुमारे १३४. आता (१३४ + १३४ + १२०) ÷ ३ = १२९.३.

आकडा जुळला म्हणून फार हुरळून जाऊ नका. फॉर्मिक आम्लातला तो एकेरी बंधही पूर्ण एकेरी नाही, त्यातही ऑक्सिजनच्या एकाकी जोडीची थोडी वाटणी आहेच. शिवाय बंधकोटी आणि लांबी यांचं नातं सरळ रेषेचं नसतं. तरीही योग्य शेजारी निवडला की सरासरी कुठे येते आणि अयोग्य निवडला की कुठे जाते, हे या दोन बेरजांतून स्पष्ट दिसतं.

## सहावी पायरी: स्फटिकाला विचारा, पण योग्य स्फटिकाला

कॅल्साइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा सर्वांत परिचित स्फटिक. क्ष-किरणांनी त्याची रचना विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१४ साली मांडली. त्यात कार्बनचे तिन्ही बंध सारखे आहेत. आपलं म्हणणं सिद्ध झालं का? पूर्ण नाही. कॅल्साइटमध्ये प्रत्येक कार्बन अशा अक्षावर बसलेला असतो की स्फटिक त्याभोवती १२० अंश फिरवला तरी तोच दिसतो. तिथे तीन बंध सारखे येणं स्फटिकाच्या सममितीतच बांधलेलं आहे. आयनांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना असती तरी क्ष-किरणांना त्यांची सरासरी सारखीच दिसली असती.

म्हणून ॲरागोनाइटकडे जायचं. तेही कॅल्शियम कार्बोनेटच, पण अणूंची रचना वेगळी. इथे कार्बनवर तो त्रिगुणी अक्ष नसतो. सममिती दोनच ऑक्सिजनांना एकमेकांसारखं ठेवते, तिसरा मोकळा आहे. त्याला वेगळ्या अंतरावर बसायचं असतं तर स्फटिकानं अडवलं नसतं. तरीही तिन्ही अंतरं १२८-१२९ च्या आसपासच निघतात, एखाद्या पिकोमीटरच्या आत. खरे एकेरी-दुहेरी बंध असते तर हा फरक १४ पिकोमीटरपर्यंत गेला असता.

सरासरीच्या शंकेला क्ष-किरणांकडे आणखी एक उत्तर आहे. ऑक्सिजन कधी १२० वर तर कधी १३४ वर असता तर त्याचा ठिपका बंधाच्या दिशेनं लांबट दिसला असता. अचूक मोजमापांत याच्या उलट दिसतं: ऑक्सिजनची हालचाल बंधाच्या दिशेनं सर्वांत कमी असते आणि आडवी जास्त. ताठ बंधाला टांगलेला अणू असाच डोलतो.

अवरक्त वर्णपट तर याहून सोपा पुरावा देतो. डायमिथाइल कार्बोनेटमध्ये खरा दुहेरी बंध आहे आणि त्याचा शोषणपट्टा १७५० सेंमी⁻¹ च्या आसपास ठळक दिसतो. कॅल्साइटमध्ये तो पट्टा नाही. त्याऐवजी १४२० सेंमी⁻¹ च्या जवळ एक रुंद, जोरदार पट्टा दिसतो. एकेरी-दुहेरी रूपांत उडी मारायला अणूंना जागचं हलावं लागेल, आणि अणू आपल्या कंपनाहून वेगानं हलू शकत नाहीत. म्हणजे उड्या होत असत्या तर दुहेरी बंधाचा पट्टा अवरक्त प्रकाशाला दिसल्याशिवाय राहिला नसता. वर्णपट हाताशी असेल तर १७५० च्या आसपासचा भाग आधी बघा.

## सातवी पायरी: एक प्रोटॉन जोडा आणि सारखेपणा मोडा

आपलं सगळं म्हणणं ‘तिन्ही ऑक्सिजन सारखे आहेत’ यावर उभं आहे. मग तो सारखेपणा काढून घेतला तर लांब्या बदलायलाच हव्यात. बायकार्बोनेट आयन, `HCO₃⁻`, नेमकं हेच करतो. समजा, हायड्रोजन क ला जोडला गेला.

पुन्हा चित्रं काढा. इलेक्ट्रॉन २४ च, कारण प्रोटॉन काही घेऊन येत नाही. दुहेरी बंध अ शी असलेलं चित्र चालतं, ब शी असलेलंही चालतं, आणि दोन्हींची ऊर्जा जवळजवळ सारखी. क शी दुहेरी बंध काढला तर मात्र हायड्रोजन लागलेल्या क वर +१ प्रभार येतो आणि अ, ब दोघांवर −१. प्रभार असे फाटलेलं चित्र महाग पडतं, त्याचा वाटा थोडाच.

म्हणजे अंदाज असा: अ आणि ब यांची बंधकोटी दीडच्या जवळ, दोन्ही बंध सारखे आणि कार्बोनेटपेक्षा आखूड, क ची बंधकोटी एकच्या जवळ आणि बंध लांब. सोडियम बायकार्बोनेटच्या स्फटिकात अ आणि ब चे बंध सुमारे १२६ पिकोमीटर आहेत, क चा सुमारे १३५. तिन्हींची सरासरी काढा: (१२६ + १२६ + १३५) ÷ ३ = १२९. कार्बोनेटमध्ये तीन बंधांत समान वाटलेलं इथे असमान वाटलं गेलं आहे.

या एका आयनात दोन्ही बाणांना जागा आहे. हायड्रोजन क वरच ठेवून अ आणि ब शी दुहेरी बंध दाखवणाऱ्या चित्रांमध्ये `↔` येतो, कारण तिथे एकही अणू हलला नाही. पाण्यात मात्र क वरचा प्रोटॉन सुटून अ वर दुसरा प्रोटॉन बसू शकतो. तेव्हा अणू खरोखर जागा बदलतात, १३५ चा बंध १२६ चा होतो आणि १२६ चा १३५ चा. त्या दोन मांडण्यांमध्ये `⇌` लिहायचा.